फोटो क्रमांक २१२ आणि आभाळाचा रकाना

३ नोव्हेंबर, कामोठे

आजपासून २१२ नंबरच्या फोटोची नोंद वेगळ्या वहीत ठेवतोय. एका फोटोवर तिघांची तीन मतं झाली, आणि रजिस्टरच्या ओळीत ती मावेनात.

काम काय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे सहा महिन्यांनी वाचताना मलाच कोडं पडायला नको. रायगड, ठाणे आणि पालघरच्या किनाऱ्यांचे लोकांच्या घरी पडलेले जुने फोटो आम्ही गोळा करतोय. वाळू कुठे किती मागे गेली, सुरूची झाडं कुठे पडली, हे पुढे त्यांवरून ताडून बघायचंय. त्यासाठी प्रत्येक फोटोला ठिकाण हवं आणि निदान महिना तरी हवा. माझ्या रजिस्टरला सात रकाने आहेत : झाडं, वाळू, बांधकाम, डोंगर, होड्या, माणसं, आणि आभाळ. शेवटचा रकाना ओंकारच्या हट्टापायी घातला.

२१२ मध्ये काय दिसतं : ओली काळपट वाळू, उजवीकडे माडांची रांग, मधे समुद्राकडे कललेला एक सुरू, मागे मातकट पाणी. डाव्या कडेला डोंगराची फिकट रेघ. दोन मुलं, एकाच्या अंगात पिवळा रेनकोट. आणि वर असं आभाळ, की बघताक्षणी कोणीही 'जुलै' म्हणेल. एकसारखा राखाडी थर, त्याच्याखाली फाटक्या चिंध्यांसारखे काळे ढग, सावली कुठेच नाही. पक्कं मळभ.

फाइलीचं नाव मात्र `IMG-20171205-WA0012.jpg`. म्हणजे ५ डिसेंबर २०१७.

मीनाताई (त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवलाय) म्हणाल्या, तारीख खोटी, फोटो पावसाळ्यातला, कोणीतरी नंतर पाठवलेला. ओंकार म्हणाला, तारीख खरी, पण जागा कोकणातली नाही. डिसेंबरात असं आभाळ तामिळनाडूच्या किनाऱ्यावर असतं, तिथे तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. आभाळाच्या रकान्यात त्याने पेनने लिहूनही टाकलं : 'चेन्नई ते नागपट्टिणम, बऱ्यापैकी खात्री'. मी म्हटलं, अरे, पेन्सिल वापर.

८ नोव्हेंबर

आज फोटो मोठा करून फक्त आभाळ वाचायला बसलो. बाकी सगळं कागदाने झाकलं. आभाळातून खरोखर काय कळतं आणि काय आपण त्यात घालतो, हे वेगळं करायचं होतं.

कळतं ते एवढंच : हवा खूप दमट आहे, आणि ढगांचा तळ खाली आहे. तळाचा ढोबळ हिशोब सोपा आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितक्या अंशांचा फरक, त्या प्रत्येक अंशामागे तळ साधारण १२५ मीटर वर. आमच्याकडे जुलैत हवा २७ अंश आणि दवबिंदू २५ असेल, तर तळ अडीचशे मीटरवर येतो. म्हणून तर त्या दिवसांत खारघरचा डोंगर अर्धा कापल्यासारखा दिसतो. एप्रिलच्या दुपारी तोच फरक दहा-बारा अंशांचा असतो. तेव्हा ढग असलेच तर सव्वा-दीड किलोमीटर वर, सपाट बुडाचे, कापसाचे.

पण हा हिशोब फक्त हवा दमट आहे असं सांगतो. ती दमट कशामुळे, ते सांगत नाही. जुलैतल्या अरबी समुद्रावरच्या नैऋत्य वाऱ्याने असेल, डिसेंबरातल्या बंगालच्या उपसागरावरच्या ईशान्य वाऱ्याने असेल, की किनाऱ्याजवळून जाणाऱ्या एखाद्या वादळाने असेल. तिन्ही वेळा पाण्यावरून आलेली ओली हवा वर ढकलली जाते, आणि खाली उभ्या माणसाला वर एकच राखाडी छत दिसतं. ढगांवर राज्याचं नाव छापलेलं नसतं.

मीनाताईंनी चांगली आठवण करून दिली. खऱ्या नैऋत्य मोसमी पावसात ढग दोन दिशांना पळतात. खालचे पश्चिमेकडून पूर्वेला जातात, आणि फार उंचावरचे विस्कटलेले ढग उलटे, पूर्वेकडून पश्चिमेला, कारण वर चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेचा जोरदार वारा असतो. उघडिपीच्या दिवशी गच्चीवरून हे डोळ्यांनी दिसतं. मी खुश झालो, मग लक्षात आलं की आपल्याकडे एकच फोटो आहे, चलचित्र नाही. आणि चलचित्र असतं तरी त्यात ढग 'डावीकडून उजवीकडे' जाताना दिसले असते. ते पूर्वेला चाललेत की दक्षिणेला, हे कळायला कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते ठाऊक हवं, आणि तेच तर शोधायचंय.

समुद्राकडे तोंड आहे, म्हणजे पश्चिम, असं ओंकार म्हणाला. मी विचारलं, "चेन्नईला समुद्र कुठल्या बाजूला?" तो गप्प झाला. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे धरलं तर समुद्र पूर्वेला. गंमत अशी की कोकणात जुलैचा वारा समुद्राकडून येतो आणि चेन्नईला डिसेंबरचा वाराही समुद्राकडूनच येतो. दोन्हीकडे माड जमिनीच्या बाजूला झुकलेले, दोन्हीकडे लाटा अंगावर. आरशात धरल्यासारखं एकच चित्र. आभाळ आणि वारा असे दोन पुरावे मोजायचे म्हटले, तरी ते एकाच पुराव्याचे दोन तुकडे आहेत. दोघांचे गुण बेरजेला धरायचे नाहीत, अशी खूण रजिस्टरच्या पहिल्या पानावर केली.

१५ नोव्हेंबर

आजचा दिवस भांडणात गेला, पण कामाच्या भांडणात.

ओंकारचा मुद्दा चुकीचा नाही. डिसेंबरात असं भरलेलं आभाळ तामिळनाडूच्या किनाऱ्यावर नेहमीचं आणि कोकणात विरळा. मग तोल तिकडे झुकायला नको का? मी म्हटलं, झुकू दे, पण किती झुकतो ते मोजू. आकडे दोघांनी मिळून हिशोबापुरते धरले. तिथे डिसेंबरच्या ३१ दिवसांत असे १० दिवस, आणि कोकणात दोन डिसेंबर मिळून एखादा दिवस, म्हणजे एका डिसेंबरात अर्धा. दहाला अर्ध्याने भागलं की २०. म्हणजे हे आभाळ कोकणापेक्षा तिकडे वीसपट सहज दिसतं. ओंकारचा चेहरा उजळला.

मग मी रजिस्टर उघडलं. आजवर ठिकाण पक्कं झालेले फोटो ७००. त्यातले रायगड-ठाणे-पालघरबाहेरचे निघाले १०, तेही कोणीतरी सहलीला गेले होते म्हणून. म्हणजे आभाळाकडे न बघताच, आमच्या गठ्ठ्यातला कुठलाही फोटो इथला असण्याची बाजू ६९ ला १ अशी जड आहे. तिला वीसने भागा. उरतात साधारण साडेतीनाला एक, अजूनही कोकणाच्याच बाजूने. आणि ते दहाही काही तामिळनाडूचे नव्हते, मी ओंकारला सवलत देऊन सगळे त्याच्या खात्यात टाकले.

हा हिशोब त्याला पटायला अर्धा तास आणि दोन चहा लागले. त्याचा अडथळा असा : "पण दादा, आभाळ तर तंतोतंत जुळतंय!" जुळतंय हे खरं. पण एखादी खूण एका जागेशी किती जुळते हा प्रश्नच अपुरा आहे. तीच खूण दुसऱ्या जागेशी किती जुळते, ते शेजारी मांडल्याशिवाय पहिल्या आकड्याला काही वजन नाही. जुलैत तर परिस्थिती आणखी वाईट. तेव्हा असं आभाळ डहाणूपासून केरळापर्यंत सगळीकडे रोजचं, म्हणून जवळजवळ तंतोतंत जुळूनही त्याची किंमत शून्याजवळ. निरभ्र निळं आभाळ जानेवारीत अलिबागला दिसलं, तर त्यातूनही काही हाती लागत नाही. किंमत चढते ती जिथे एका जागी नेहमीचं आणि दुसऱ्या जागी क्वचितचं असं असेल तिथे. आणि तिथेच हा धोकाही असतो, की तो क्वचितचा दिवस नेमका याच फोटोत असेल.

मीनाताई एवढा वेळ गप्प होत्या. जाताना म्हणाल्या, "२०२५ साली २६ मेला मान्सून मुंबईत आला, एरवी ११ जून धरतात. त्या मे महिन्यात काढलेला फोटो तुम्ही दहा वर्षांनी बघाल आणि 'मे असूच शकत नाही' असं लिहून मोकळे व्हाल." लिहिलं असतं, हे मला मान्य आहे.

२२ नोव्हेंबर

फोटोत डाव्या कडेचा डोंगर फिकट दिसतो. त्यावरून हवेत किती धुरकं आहे, आणि धुरक्यावरून जागा सांगता येते का, हा ओंकारचा नवा प्रश्न. त्यासाठी आठवडाभर सकाळी सव्वासातला गच्चीवर जाऊन एकाच जागेवरून फोटो काढले. आमच्या गच्चीवरून तीन खुणा मिळतात : खारघरचा डोंगर सुमारे ४ किलोमीटर, प्रबळगड १४ च्या आसपास, आणि त्याच्यामागे माथेरानचं पठार, साधारण १८. हवा कशी आहे ते या तिघांपैकी कोण दिसतं यावरूनच निम्मं कळतं.

उरलेलं निम्मं मोजता येतं. डोंगर जितका लांब तितका तो क्षितिजाच्या आभाळात मिसळत जातो, आणि हे मिसळणं ठरावीक पटीने होतं. डोंगर आणि त्याच्या लगतचं आभाळ यांच्या उजेडातला फरक दोन टक्क्यांवर आला की डोळ्याला डोंगर दिसेनासा होतो, असं हवामानाच्या कामात धरतात, आणि तेवढ्या अंतराला दृश्यमानता म्हणतात. सूत्र असं :

```
b = ln(1/C) / d
V = 3.91 / b
```

इथे `C` म्हणजे मोजलेला फरक, अपूर्णांकात, `d` म्हणजे डोंगराचं अंतर किलोमीटरमध्ये, `b` म्हणजे हवा किती धुरकट ते सांगणारा दर किलोमीटरचा आकडा, आणि `V` म्हणजे दृश्यमानता.

मंगळवारी प्रबळगडाचा फरक दहा टक्के आला. त्यावरून दृश्यमानता निघाली २४ किलोमीटर. गुरुवारी प्रबळगड गायब. खारघरच्या डोंगराचा फरक २० टक्के, त्यावरून दृश्यमानता जेमतेम १०. ताळा करून बघितला : त्या हवेत १४ किलोमीटरवरच्या प्रबळगडाचा फरक अर्ध्या टक्क्याच्याही खाली जायला हवा, म्हणजे तो दिसायलाच नको. नव्हताच दिसत. हिशोब जुळला म्हणून मी गच्चीवर एकटाच हसलो. खालच्या मजल्यावरचे काका कपडे वाळत घालत होते, त्यांनी वर बघितलं.

पण यातून हाती काय आलं? जागा तीच, वेळ तीच, मधे दोनच दिवस, आणि हवा अडीचपट वेगळी. गुरुवारी पहाटे वारा पडला होता. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसून राहते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर, धूळ सगळं त्याखाली कोंडतं. त्यात हवा दमट असली तर हवेतले कण पाणी शोषून फुगतात आणि तेवढ्याच धुळीत धुरकं दाट दिसतं. दहा वाजता ऊन तापलं की झाकण उचललं जातं. म्हणजे एकाच दिवसात सकाळी सातचा कामोठ्याचा फोटो 'उत्तर भारत' वाटेल आणि दुपारी तीनचा 'कोकण'.

फोनच्या कॅमेऱ्याची भानगड तर वेगळीच. सूत्राला खरा उजेड लागतो, आणि फोन देतो तो त्याने आपल्या मर्जीने वाकवलेला आकडा. नवे फोन तर धुरकं स्वतःच कमी करून डोंगर गडद करतात. मी दोन फोनांवरून एकाच मिनिटाला फोटो काढले, दृश्यमानता एकात २४ आणि दुसऱ्यात ३१. तेव्हा माझे आकडे आपसात ताडण्यापुरतेच, तेही एकाच फोनचे असतील तर.

२१२ ला हे सूत्र लावायचं तर डोंगर किती लांब ते हवं. ते माहीत नाही. धुरकं आणि भुरभुर पाऊस दोन्ही डोंगराला सारखंच फिकट करतात, तेही फोटोतून सुटं करता येत नाही.

ओंकारने विचारलं, "धुरक्याचा रंग तरी? पिवळसर असेल तर उत्तरेचं, पांढरट असेल तर समुद्राकाठचं?" त्याला २३ जानेवारी २०२२ ची गोष्ट सांगितली. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्रावरून मुंबईवर आली, दिवसभर सगळं मळकट पिवळं, सूर्य ट्यूबलाइटसारखा पांढरा. त्या दिवशीचा वाशीच्या खाडीपुलाचा फोटो पूल झाकून दाखवला असता, तर कोणीही राजस्थान म्हटलं असतं.

३० नोव्हेंबर

तारखेकडे आधी बघायला हवं होतं. तीन आठवडे आभाळाशी खेळण्यात गेले, ही माझी चूक.

फाइलीच्या नावातली तारीख ही फोटो काढल्याची तारीख नव्हे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो फोनमध्ये ज्या दिवशी उतरतो तो दिवस नावात लागतो, आणि कॅमेऱ्याने लिहिलेली मूळ माहिती पाठवताना पुसली जाते. त्यामुळे नावावरून इतकंच म्हणता येतं की फोटो ५ डिसेंबर २०१७ ला किंवा त्याआधी काढलेला आहे. मीनाताईंचा जुलै अजून जिवंत होता.

ज्यांच्याकडून फोटो आला त्या मावशींना पुन्हा फोन केला. मागच्या वेळी 'जागा कुठली?' एवढंच विचारलं होतं आणि त्यांना आठवलं नव्हतं. या वेळी विचारलं, "मुलं त्या दिवशी शाळेत का नव्हती?" हा प्रश्न मीनाताईंचा, मास्तरणीच्या डोक्यातूनच निघणारा. मावशी लगेच म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी वादळाची सुट्टी दिली होती ना! आम्ही माहेरी लग्नाला आलो होतो, पोरं ऐकेनात म्हणून तेवढ्यापुरती किनाऱ्यावर नेली. लांबूनच हो, पाण्यात नाही जाऊ दिलं."

ओखी चक्रीवादळ. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारी आणि केरळला तडाखा देऊन ते लक्षद्वीपवरून अरबी समुद्रात गेलं, मग उत्तरेकडे वळून दक्षिण गुजरातच्या दिशेने येताना विरत गेलं. ४ आणि ५ डिसेंबरला मुंबईत ऐन थंडीत पाऊस झाला, आणि ५ तारखेला, मंगळवारी, मुंबई, ठाणे, रायगड, पालघरच्या शाळांना सुट्टी दिली होती. मी स्वतः त्या दिवशी छत्री नसल्याने बेलापूर स्टेशनात अडकलो होतो, आणि तरी तीन आठवडे मला ते आठवलं नाही. डिसेंबर म्हटला की डोक्यात निळं आभाळ येतं, ते एवढं घट्ट बसलेलं.

आता उपग्रहाचं चित्र. नासाच्या वर्ल्डव्ह्यूवर तारीख टाकून `Corrected Reflectance (True Color)` हा थर लावला की त्या दिवशीचं पृथ्वीचं छायाचित्र दिसतं. टेरा आणि ॲक्वा हे दोन उपग्रह २०१७ साली आपल्या भागावरून रोज दिवसा साधारण अकराच्या आणि दोनच्या आसपास जायचे. ५ डिसेंबर २०१७ ला उत्तर कोकण आणि दक्षिण गुजरात पांढऱ्या चादरीखाली. ओंकारने टाळी वाजवली : "झालं, सिद्ध!"

काय सिद्ध झालं? चादरीखाली डहाणू आहे, केळवं आहे, अर्नाळा, किहीम, अलिबाग, मुरुड, सगळंच आहे. ढगाचं चित्र फोटोशी जुळलं म्हणून फोटो यांपैकी कुठला, हे कसं कळणार? उपग्रह वरून थराची पाठ बघतो, फोटो खालून पोट बघतो. फाटक्या काळ्या ढगांचा खालचा थर वरून दिसतच नाही. आणि फोटो किती वाजताचा ते माहीत नाही. ढग ताशी ४० किलोमीटरने जात असतील तर तीन तासांत १२० किलोमीटर पुढे, म्हणजे आख्खा जिल्हा ओलांडून. इन्सॅटची अर्ध्या तासाची चित्रं घेतली तर ही फट कमी होईल, पण त्यात बारकावा आणखी ढोबळ.

मग या चित्राचा उपयोग एकच झाला. 'डिसेंबरात कोकणात असं आभाळ नसतं' हे ओंकारचं वाक्य या एका दिवसापुरतं निकालात निघालं. सरासरी महिन्याची असते, फोटो एका क्षणाचा. आणि उपग्रहाने त्या तासाला किनारा स्वच्छ दाखवला असता, तर तेवढे किनारे यादीतून कापता आले असते. कापायला चांगलं हत्यार आहे, चिकटवायला नाही. इथे मात्र कापायलाच काही मिळालं नाही, अख्खी यादी चादरीखाली.

मीनाताईंचा जुलै मात्र सुट्टीने बाद केला, आभाळाने नाही.

७ डिसेंबर

मावशींच्या 'माहेर' या शब्दावर मी गेल्या रविवारी घसरून गेलो होतो. आज पुन्हा फोन. माहेर चौल. लग्न तिथलंच. किनारा कुठला ते आठवत नाही, 'रिक्षाने गेलो, दहा मिनिटांत.' चौलहून एवढ्यात रेवदंडा येतो.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे, कुंडलिका खाडीच्या मुखापलीकडे, कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. २१२ मध्ये डोंगर डावीकडे आहे. वाळू काळपट आहे. जुळतंय, पण 'जुळतंय' या शब्दावर आता माझा विश्वास उरलेला नाही. जाऊन बघायचं.

१४ डिसेंबर

पनवेलहून सकाळची अलिबाग एसटी, तिथून रेवदंडा. मी आणि ओंकार. फोटोची मोठी प्रत प्लास्टिकमध्ये घालून नेली होती.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा डोक्यावर कोरं निळं आभाळ, एकही ढग नाही, डोळे दिपवणारं ऊन. हातातल्या फोटोत काळोख. ओंकार हळूच म्हणाला, "दादा, ही तीच जागा वाटत नाही." मलाही क्षणभर वाटली नाही. मग त्याला फोटोचा वरचा अर्धा भाग हाताने झाकायला सांगितला आणि फक्त डोंगराची कड बघायला लावली. जमिनीच्या बाजूला आधी उंचवटा, मग खोगिरासारखी दबलेली जागा, पुन्हा थोडा चढ, आणि समुद्राच्या टोकाकडे उतरत गेलेली लांब रेघ. फोटोतली रेघ फिकट होती, पण तिचे चढउतार आमच्यासमोरच्या डोंगराला एकेक करून लागत होते. आम्ही किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत गेलो, तसं खोगीर आणि पुढचा माड यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. एका जागी ते फोटोइतकं झालं. तिथे थांबलो. कललेला सुरू नव्हता. वाळूत एक बुंधा होता, पण तो त्याचाच असं मी लिहिणार नाही.

आता डोंगराचं अंतर कळलं, दोनेक किलोमीटर. परत येताना एसटीत जुना हिशोब पुरा केला. फोटोत डोंगराचा फरक साधारण १५ टक्के, त्यावरून दृश्यमानता ४ किलोमीटर. भुरभुर पावसाला शोभेल असा आकडा, आणि दाट धुरक्यालाही. डोंगराचा माथा उघडा दिसतो, म्हणजे ढगांचा तळ त्याच्या वर होता. डोंगर ठेंगणा, तेव्हा हेही न सांगितल्यात जमा. जागा सापडल्यावर आभाळाबद्दल आम्हाला इतकं कळलं. आभाळावरून जागा कळली नाही.

१६ डिसेंबर

रजिस्टरमधली २१२ ची ओळ आज शाईने भरली.

ठिकाण : रेवदंडा, किनाऱ्याचा दक्षिण भाग. पक्कं. आधार : कोर्लईच्या डोंगराची कड, जागेवर जाऊन ताडली.
तारीख : ५ डिसेंबर २०१७. बऱ्यापैकी. आधार : शाळेच्या सुट्टीची आठवण, फाइलीचं नाव.
आभाळ : मळभ, तळ खाली. तारखेशी विसंगत नाही. ठिकाणासाठी गुण : ०.

ओंकारला शून्य खटकलं. त्याचं म्हणणं, विसंगत नाही यालाही काहीतरी द्या, अर्धा तरी. मीनाताई म्हणाल्या, तारखेच्या ओळीत द्या, ठिकाणाच्या नको. तसं केलं. आधाराच्या यादीत शेवटी 'आभाळ' लिहून पुढे अर्धा गुण टाकला. पेन्सिलने.

ओंकारने २१३ काढलाय. स्वच्छ आभाळ, सपाट बुडाचे चार कापसाचे ढग, तारीख नाही. रकान्यात त्याने अजून काही लिहिलेलं नाही.